स्वतःचे मशीन की जॉबवर्क: उद्यमबागेतल्या एका निर्णयाचा हिशेब

12 मे 2023 रोजी कर्नाटक वीज नियामक आयोगाने वीजदरात सरासरी युनिटमागे 70 पैशांची वाढ मंजूर केली आणि पुढच्याच महिन्यात बेळगावचे उद्योजक व व्यापारी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्या वेळी चर्चा झाली ती प्रामुख्याने दर किती वाढला याची. दर कोणत्या रूपात वाढला, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. त्या वाढीचा मोठा भाग युनिटच्या दरात नव्हता, तर स्थिर आकारात होता. कारखाना दोन पाळ्यांत चालला किंवा महिनाभर बंद राहिला, तरी मंजूर भारावरचा हा आकार वीज वितरण कंपनी हेस्कॉमच्या बिलात येतोच. ज्याचे काम जोरात होते त्याला ही वाढ नगामागे थोडीच जाणवली आणि ज्याच्याकडे ऑर्डर कमी होत्या त्याला तीच वाढ जड गेली.

एकच रक्कम दोन कारखान्यांना इतकी वेगळी का लागते, हे समजून घ्यायचे असेल तर दोन कल्पना नीट उमगायला हव्यात. पहिली म्हणजे मार्जिन ऑफ सेफ्टी, अर्थात सुरक्षितता मर्यादा, आणि दुसरी ऑपरेटिंग लिव्हरेज. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना त्या परीक्षेपुरत्या माहीत असतात, परंतु त्यांची खरी गरज पडते ती बेळगाव परिसरातील उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा या औद्योगिक वसाहतींतला एखादा लहान कारखानदार बँकेत मशीनच्या कर्जाचा अर्ज भरतो तेव्हा.

## खर्च दोन स्वभावांचे

जो खर्च काम झाले तरच होतो आणि जितके काम तितकाच होतो, तो बदलता खर्च. काम होवो न होवो, महिना उलटला की जो द्यावाच लागतो तो स्थिर खर्च. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तासावर आणला तर पैसे नांगरट झाली त्या तासांचेच जातात, पण स्वतःचा ट्रॅक्टर हप्त्यावर घेतला तर पाऊस लांबला म्हणून हप्ता लांबत नाही. त्याच वेळी हेही खरे आहे की भरपूर तास काम असेल तर स्वतःच्या ट्रॅक्टरचा तास स्वस्त पडतो. स्थिर खर्च वाईट आणि बदलता खर्च चांगला, असे यात काही नाही. प्रश्न इतकाच की काम किती आहे आणि ते किती भरवशाचे आहे.

## एक कारखाना, दोन रस्ते

उदाहरणासाठी उद्यमबागेतला एक लहान कारखाना घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मांडलेले आहेत. हा कारखाना फौंड्रीतून कास्टिंग विकत घेतो, त्याचे मशीनिंग करून घेतो आणि हायड्रॉलिक पंप बनवणाऱ्या ग्राहकाला तयार भाग पुरवतो. एका नगाची विक्री किंमत 500 रुपये आहे आणि महिन्याला 2,000 नग जातात. जीएसटी आणि आयकर आपण या हिशेबाबाहेर ठेवू.

आज मशीनिंग बाहेर जॉबवर्कवर होते. नगामागे कास्टिंगचे 300 रुपये, जॉबवर्कचे 110 आणि ने-आण व तपासणीचे 10, असे 420 रुपये बदलत्या खर्चात जातात. विक्री किमतीतून हा खर्च वजा केल्यावर 80 रुपये उरतात. स्थिर खर्च भागवण्यासाठी प्रत्येक नगाकडून मिळणाऱ्या या रकमेला अंशदान म्हणतात. शेडचे भाडे, सुपरवायझरचा पगार, ऑफिसचा खर्च मिळून महिन्याला 80,000 रुपये स्थिर आहेत. 2,000 नगांचे अंशदान 1,60,000 रुपये, त्यातून 80,000 गेले की नफा 80,000 रुपये.

दुसरा रस्ता म्हणजे एक सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, अशा दोन मशीनमध्ये मिळून 48 लाख रुपये घालायचे. मग जॉबवर्कचे 110 रुपये वाचतात, पण टूल इन्सर्ट, कूलंट आणि विजेचे युनिट यांवर नगामागे 30 रुपये खर्च होतात. ने-आण व तपासणीचे 10 रुपये तसेच राहतात, म्हणजे बदलता खर्च 340 रुपयांवर येतो आणि अंशदान दुप्पट होऊन 160 रुपये होते. स्थिर खर्चही अर्थातच वाढतो. दोन ऑपरेटर आणि एक सेटर यांचे पगार 60,000 रुपये, विजेचा स्थिर आकार, विमा व देखभाल करार मिळून 20,000 रुपये आणि दहा वर्षांचे आयुष्य धरून मशीनचा घसारा महिन्याला 40,000 रुपये. जुने 80,000 धरून एकूण स्थिर खर्च 2,00,000 रुपये. 2,000 नगांवर अंशदान 3,20,000 आणि नफा 1,20,000 रुपये.

80,000 आणि 1,20,000 यांची तुलना केली की बहुतेकांचा निर्णय तेथेच होतो, कारण मशीन विकणाऱ्याच्या कोटेशनमागच्या कागदावरही हाच हिशेब मांडलेला असतो. तो चुकीचा नाही, पण तो फक्त 2,000 नगांपुरता खरा आहे.

## किती नग कमी झाले तर नफा संपतो?

जितक्या विक्रीवर नफाही नाही आणि तोटाही नाही, ती ना नफा ना तोटा पातळी. स्थिर खर्चाला नगामागच्या अंशदानाने भागले की ती मिळते. जॉबवर्कच्या रस्त्यावर 80,000 भागिले 80, म्हणजे 1,000 नग. स्वतःच्या मशीनवर 2,00,000 भागिले 160, म्हणजे 1,250 नग.

आजची विक्री या पातळीच्या वर किती आहे, ते अंतर म्हणजे सुरक्षितता मर्यादा. ती आजच्या विक्रीच्या टक्केवारीत सांगण्याची पद्धत आहे. जॉबवर्कमध्ये 2,000 पैकी 1,000 नग गेले तरी तोटा नाही, म्हणून मर्यादा 50 टक्के. मशीनवर 750 नग गेले की नफा संपतो, म्हणून मर्यादा 37.5 टक्के. नफा जास्त असूनही अंतर कमी झाले, ही गोष्ट नफ्याच्या आकड्यात कोठेही दिसत नाही. ती वेगळी काढूनच पाहावी लागते.

## विक्री थोडी हलते, नफा जास्त का हलतो?

आता ऑर्डर 25 टक्क्यांनी वाढून 2,500 नग झाले असे धरू. जॉबवर्कमध्ये नफा 80,000 वरून 1,20,000 होतो, म्हणजे 50 टक्के वाढ. मशीनवर तो 1,20,000 वरून 2,00,000 होतो, म्हणजे जवळजवळ 67 टक्के वाढ. विक्रीतल्या एका टक्क्याच्या बदलाने नफा किती टक्के बदलतो, या पटीला ऑपरेटिंग लिव्हरेज म्हणतात. एकूण अंशदानाला नफ्याने भागले की ती मिळते. पहिल्या रस्त्यावर ती 2 आहे, दुसऱ्यावर सुमारे 2.67.

हा आकडा सुरक्षितता मर्यादेपासून वेगळा नाही, हे लक्षात आले की गोंधळ बराच कमी होतो. मर्यादा 50 टक्के, म्हणजे अर्धा, आणि त्याचा व्यस्त 2. मर्यादा 37.5 टक्के, तिचा व्यस्त 2.67. एकाच परिस्थितीची ही दोन मोजमापे आहेत: एक सांगते की काठापासून आपण किती लांब आहोत, आणि दुसरे सांगते की काठाच्या दिशेने पडणारे प्रत्येक पाऊल नफ्यावर किती जोराने आदळते.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती अनेकदा निसटते. लिव्हरेज हा कारखान्याच्या अंगावर कायमचा कोरलेला आकडा नाही. विक्री बदलली की तोही बदलतो. 1,500 नगांवर पाहा. जॉबवर्कचा नफा 40,000 आणि मशीनचाही नफा 40,000, म्हणजे दोन्ही रस्ते येथे अगदी सारखे. फक्त नफ्याचा आकडा पाहणाऱ्याला दोन्ही कारखाने जुळे वाटतील. पण जॉबवर्कवाला येथून आणखी 500 नग गमावू शकतो, तर मशीनवाल्याकडे 250 नगांचेच अंतर उरले आहे. त्यांची लिव्हरेज अनुक्रमे 3 आणि 6 झालेली आहे. मशीनवाल्याची विक्री येथून 10 टक्के घसरली तर नफा 60 टक्के जातो. सारखा नफा म्हणजे सारखी सुरक्षितता असे मानले तर फसगत होते ती अशा ठिकाणी.

## पण बँकेचा हप्ता कोठे गेला?

सावध वाचकाने हा प्रश्न एव्हाना विचारला असेल, कारण वरच्या हिशेबात हप्ता नाही, घसारा आहे. ऑपरेटिंग लिव्हरेज मोजताना व्याज बाहेर ठेवण्याचा संकेत आहे, कारण धंद्याचा धोका आणि कर्जाचा धोका वेगवेगळे ओळखायचे असतात. मुद्दलाची परतफेड तर खर्चच नव्हे, ती देणी फेडणे आहे. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. मात्र महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून रक्कम वळती होते, ती पूर्ण हप्त्याची होते.

48 लाखांपैकी 12 लाख स्वतःचे आणि 36 लाख कर्ज, व्याज 10 टक्के, मुदत पाच वर्षे असे धरले तर हप्ता सुमारे 76,500 रुपये येतो. घसारा हा रोखीने जाणारा खर्च नसल्यामुळे तो काढून त्या जागी हप्ता घालू: 2,00,000 वजा 40,000 अधिक 76,500, म्हणजे दरमहा 2,36,500 रुपये रोखीने उभे करावे लागतात. त्याला 160 ने भागले की 1,478 नग. याला रोखीची ना नफा ना तोटा पातळी म्हणता येईल. 2,000 नगांपासून तिचे अंतर 522 नगांचे आहे, म्हणजे 26 टक्के. कागदावरची 37.5 टक्क्यांची मर्यादा खिशाच्या दृष्टीने पाहिली तर पहिली पाच वर्षे 26 टक्क्यांचीच आहे.

| महिन्याचे नग | जॉबवर्क: नफा | मशीन: नफा (व्याजापूर्वी) | मशीन: हप्ता भरून उरलेली रोख |
|---|---|---|---|
| 1,000 | 0 | −40,000 | −76,500 |
| 1,500 | 40,000 | 40,000 | 3,500 |
| 2,000 | 80,000 | 1,20,000 | 83,500 |
| 2,500 | 1,20,000 | 2,00,000 | 1,63,500 |

2,000 नगांच्या ओळीवर थोडे थांबावे. हप्ता भरल्यावर मशीनवाल्याच्या हातात 83,500 रुपये उरतात, जॉबवर्कवाल्याच्या हातात 80,000. एवढ्या फरकासाठी 12 लाख रुपये अडकले आणि अंतर निम्म्यावर आले. पाच वर्षांनी हप्ता संपतो, मशीन चालू राहते आणि तेव्हा चित्र पूर्ण पालटते, हे खरे आहे. त्यामुळे मशीन घेऊ नये असा याचा अर्थ होत नाही. अर्थ असा की आजच्या 2,000 नगांवर घेतलेले मशीन आज लाभ देत नाही. ते पाच वर्षांनंतरच्या काळासाठी किंवा वाढणाऱ्या ऑर्डरसाठी घेतलेले असते, आणि ती वाढ खरोखर दिसत असेल तरच ते घ्यावे.

ही वाढही अमर्याद नाही. प्रत्येक मशीनवर नगाला साधारण आठ मिनिटे लागत असतील तर दोन पाळ्यांत दिवसाला शंभरच्या आसपास नग निघतात, म्हणजे 25 दिवसांत सुमारे 2,500. त्याच्या पुढची ऑर्डर आली की तिसरी पाळी किंवा तिसरे मशीन, आणि स्थिर खर्च पुन्हा एक पायरी वर चढतो. तक्त्यातली शेवटची ओळ ही त्यामुळे या दोन मशीनची जवळजवळ कमाल मर्यादा आहे.

## ‘जॉबवर्कचे पैसे म्हणजे दुसऱ्याच्या मशीनचा हप्ता’

हा आक्षेप आपल्याकडच्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ऐकू येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. जॉबवर्कच्या 110 रुपयांत समोरच्याचा हप्ता, त्याचा ऑपरेटर आणि त्याचा नफा हे सगळे आहे. पण त्या पैशांत आपण आणखी एक गोष्ट विकत घेतो: ऑर्डर नसलेल्या महिन्यात मशीन उभे राहण्याची झळ तो सोसतो, आपण नाही.

तरीही या आक्षेपातून एक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा तोच आहे. आतापर्यंत आपण फक्त नग कमी होण्याचा विचार केला. दर कमी झाला तर काय होईल? समजा ग्राहकाने 5 टक्के दरकपात मागितली, म्हणजे नगामागे 25 रुपये. नग 2,000 च आहेत. जॉबवर्कवाल्याचे अंशदान 80 वरून 55 वर येते, त्याची ना नफा ना तोटा पातळी 1,000 वरून 1,455 नगांवर चढते आणि नफा 80,000 वरून 30,000 वर कोसळतो. मशीनवाल्याचे अंशदान 160 वरून 135 होते, पातळी 1,250 वरून 1,481 वर जाते आणि नफा 1,20,000 वरून 70,000 होतो. जॉबवर्कवाल्याची सुरक्षितता मर्यादा 50 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर आली, मशीनवाल्याची 37.5 वरून 26 वर. दोघांमधली जी तफावत आधी इतकी मोठी वाटत होती, ती एका दरकपातीत जवळजवळ पुसली गेली.

कारण सरळ आहे. ज्याचे अंशदान लहान, त्याला नगामागचा प्रत्येक रुपया महाग. कास्टिंगचा दर वाढला आणि ग्राहकाने तो फरक दिला नाही, किंवा जॉबवर्कवाल्याने 110 चे 125 केले, तरी घाव तेथेच बसतो. म्हणून कमी स्थिर खर्चाचा रस्ता सरसकट सुरक्षित असे म्हणणे चुकीचे आहे. तो नग घटण्यापासून सुरक्षित आहे, पण दर घटण्यापुढे नाजूक आहे. मशीनचा रस्ता नेमका उलट. त्यामुळे निर्णयाआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा आहे की आपल्या धंद्यात काय हलते, नगांची संख्या की नगामागचे पैसे? ट्रॅक्टरच्या भागांसारख्या हंगामावर चालणाऱ्या कामात संख्या हलते. एकाच मोठ्या ग्राहकाला वर्षानुवर्षे तोच भाग देणाऱ्याच्या बाबतीत संख्या बऱ्यापैकी टिकते, पण प्रत्येक नव्या करारात दर खाली खेचला जातो.

## मंदीत माणसे कमी केली तर?

तर स्थिर खर्च उतरेल, असे कागदावर दिसते. आपल्या उदाहरणात पगाराचे 60,000 रुपये आहेत, ते निम्मे करता आले तर ना नफा ना तोटा पातळी जवळजवळ 190 नगांनी खाली येते. प्रत्यक्षात मात्र सेटर गेला की तो कोल्हापूरकडे शिरोली किंवा गोकुळ शिरगावला कामाला लागतो, आणि ऑर्डर परत आल्यावर नव्या माणसाकडून पहिले काही आठवडे रिजेक्शन सोसावे लागते. कास्टिंगच 300 रुपयांचे असल्यामुळे बिघडलेला प्रत्येक नग दोन चांगल्या नगांच्या अंशदानाइतका पडतो. म्हणून कुशल माणसाचा पगार व्यवहारात स्थिरच धरावा. भाडे, हप्ता आणि विजेचा स्थिर आकार यांना तर हातच लावता येत नाही. विजेचा मंजूर भार कमी करून घेता येतो, पण त्याला अर्ज आणि वेळ लागतो, आणि काम परतले की तो पुन्हा वाढवून घ्यावा लागतो.

मंदीत मशीनवाला आणखी एक गोष्ट करतो. बदलत्या खर्चाच्या वर जे मिळेल ते बरे म्हणून तो पडेल दराने बाहेरचे जॉबवर्क घेऊ लागतो. एकट्यापुरता हा निर्णय बरोबर असतो, कारण उभ्या मशीनपेक्षा तासाला थोडे पैसे मिळवणारे मशीन चांगले. पण वसाहतीतल्या अनेकांनी तेच केले की जॉबवर्कचा दर सगळ्यांसाठीच खाली येतो. त्या काळात ज्याने मशीन घेतलेले नाही, त्याला 110 चे काम 90 मध्ये करून मिळते.

## अर्धा रस्ता आणि जुन्या डिस्पॅचची वही

दोन टोकांपैकी एकच निवडावे लागते असे नाही. लेथचे काम घरात आणि व्हीएमसीचे काम बाहेर, अशी विभागणी करता येते. वाढीव स्थिर खर्च निम्मा, म्हणजे 60,000, आणि बचतही निम्मी, म्हणजे नगामागे 40 रुपये असे धरले, तर 2,000 नगांवर नफा 1,00,000 रुपये, ना नफा ना तोटा पातळी 1,167 नग आणि सुरक्षितता मर्यादा सुमारे 42 टक्के होते. जे काम कोणत्याही महिन्यात असतेच, तेवढ्यापुरतेच मशीन घेऊन वरची भर बाहेर देणारेही आहेत. यात अडचण एकच: ज्या महिन्यांत आपल्याला बाहेर काम द्यायचे असते, त्याच महिन्यांत इतरांनाही द्यायचे असते, आणि नियमित काम न देणाऱ्याचा नग जॉबवर्कवाल्याकडे रांगेत शेवटी लागतो.

निर्णयासाठी मागच्या वर्षाची सरासरी घेऊ नये. सरासरीत वाईट महिने विरघळून जातात. गेल्या तीन वर्षांची डिस्पॅचची वही किंवा जीएसटीची बिले काढून महिनावार नग लिहावेत आणि त्यातले सलग तीन सर्वांत वाईट महिने शोधावेत. समजा ते 1,000 नगांच्या आसपास निघाले. तर तक्त्याप्रमाणे दर महिन्याला 76,500 रुपये कमी पडतील, तीन महिन्यांत 2,29,500. ही रक्कम स्वतःच्या 12 लाखांव्यतिरिक्त, खेळत्या भांडवलाला हात न लावता, मशीन येण्याआधी बाजूला ठेवता येत असेल तर पूर्ण रस्ता धरावा. ती ठेवता येत नसेल तर आधी लेथ, आणि व्हीएमसीचे कोटेशन पुढच्या वर्षी पुन्हा मागवावे.